आईचं पॅन कार्ड आणि आडनावाची पहिली चौकट

बासष्टाव्या वर्षापर्यंत आईला पॅन कार्डाची गरज पडली नव्हती. व्यवहार सगळे अण्णांच्या नावावर. ते गेल्यावर ठेवी आईच्या नावावर झाल्या आणि बँकेतल्या मुलीने सांगितलं, "काकू, पॅन नसेल तर व्याजावर वीस टक्के कर कापला जाईल आणि कर कापू नका म्हणून पंधरा एच फॉर्म भरून दिला तरी चालणार नाही." वीस टक्के ऐकल्यावर आई घरी येईपर्यंत काही बोलली नाही. दारात चप्पल काढताना म्हणाली, "उद्याच्या उद्या काढ ते कार्ड."

ही गोष्ट ऑगस्ट 2025 मधली, फॉर्म आणि नियमही तेव्हाचे. आम्ही पंचवटीत हिरावाडीला राहतो. जवळच झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे, तिथे गेलो. पोरगा हुशार होता, हात भरभर चालत होते. आईचं आधार समोर ठेवलं आणि त्याने धडाधड टाइप करून टाकलं. पैसे भरायच्या आधी मी सहज म्हटलं, "दादा, स्क्रीन जरा इकडे वळव." ती वळवली नसती तर पुढचे दोन महिने दुरुस्तीत गेले असते.

नावं इथे बदलून लिहितोय. समजा आईचं नाव शोभा रमेश जाधव. आधारवर तसंच आहे, आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. आपण सगळे याच क्रमाने नाव सांगतो. पॅनच्या तेव्हाच्या 49A फॉर्ममध्ये मात्र पहिली चौकट Last Name / Surname अशी होती, मग First Name, शेवटी Middle Name. पोराने आधारचा क्रम डोळ्यांपुढे ठेवून वरून खाली भरत नेलं. म्हणजे आडनाव SHOBHA, पहिलं नाव RAMESH आणि मधलं नाव JADHAV. कार्डावर छापताना पहिलं, मधलं, आडनाव असा क्रम लागतो, त्यामुळे खाली छापायचं नाव दिसत होतं RAMESH JADHAV SHOBHA. माझ्या आईचा एका फटक्यात रमेश झाला होता.

मी दाखवल्यावर तो म्हणाला, "काही होत नाही काका, नंतर करेक्शन करता येतं." करता येतं, पण एक गोष्ट तशीच राहते. पॅनच्या दहा खुणांमधली चौथी खूण व्यक्तीसाठी P असते आणि पाचवी असते आडनावाचं पहिलं अक्षर. आईची पाचवी खूण J यायला हवी. या फॉर्मवरून S आली असती. नंतर नाव दुरुस्त झालं तरी नंबर तोच राहतो, त्यातलं अक्षर बदलून मिळत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या पॅनमध्ये माहेरच्या आडनावाचं अक्षर दिसतं ते त्यामुळेच, आणि त्यात चूक काही नाही. आमच्या बाबतीत ती निव्वळ चूक झाली असती.

दुसरी गोष्ट दुकानातून निघताना लक्षात आली. त्याने ईमेल आणि मोबाइल स्वतःचा टाकला होता. म्हणजे टोकन नंबर, पावती आणि पुढे ई-पॅनची पीडीएफ सगळं त्याच्या मेलवर. हे काही वाईट हेतूने होत नसावं, बहुतेक गिऱ्हाइकांना मेल नसतो. तरी मी तो अर्ज तिथेच सोडला, पैसे भरलेच नव्हते, आणि रात्री घरी नव्याने सुरू केला. एकदा पैसे भरून सबमिट झाल्यावर मात्र दुसरा अर्ज करायचा नसतो. एका माणसाला दोन पॅन निघाले तर ते भलतंच लफडं.

घरी आईला शेजारी बसवलं. नावाच्या चौकटींमध्ये JADHAV, SHOBHA, RAMESH. आता नवीन पॅनसाठी आधार सक्तीचं आहे (1 जुलै 2025 पासून), त्यामुळे आधारवर जसं नाव तसंच इथे, अक्षराला अक्षर. रेशनकार्डावर आई 'शोभाबाई' आहे, जुन्या पासबुकावरही. तो मोह टाळायचा. श्रीमती वगैरे नावात लिहायचं नसतं, त्याला वेगळी चौकट आहे, तिथे Smt निवडायचं. फक्त इनिशियल असलेलं नाव पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत चालत नाही. आणि ज्यांचं नाव एकच शब्दाचं आहे त्यांनी ते आडनावाच्या चौकटीत लिहून बाकीच्या रिकाम्या सोडायच्या. हे मला उलटं वाटलं होतं, पण सूचना तशीच आहे.

मग आई-वडिलांचा भाग आला आणि तिथे आमचं अर्धा तास भांडण झालं.

"वडिलांचं नाव," मी म्हटलं.

"रमेश लिही."

"अगं ते अण्णा. वडिलांचं नाव विचारतायत."

"चाळीस वर्षं सगळीकडे त्यांचंच नाव लावलंय. आता माझ्या बाबांचं नाव कशाला मध्येच?"

तिचं चुकत नव्हतं. रेशनकार्ड, मतदार यादी, पासबुक, सगळीकडे ती रमेशची बायको. पॅनला मात्र विवाहित, विधवा, कुणीही असो, जन्मदात्या वडिलांचंच नाव लागतं, नवऱ्याचं चालत नाही. नवऱ्याचं नाव तिच्या स्वतःच्या नावात मधे आहेच, ते तिथे राहतं. वडिलांच्या नावाच्याही तीन वेगळ्या चौकटी आहेत आणि क्रम पुन्हा तोच, आधी आडनाव. तिथे जाधव नाही, माहेरचं वाघ: WAGH, DAGDU, NAMDEV. आजोबांना गावात सगळे दगडूबा म्हणत. आईला तेच नाव लिहायचं होतं, शिवाय आधी 'कै.' लावायचं होतं. दोन्ही नाही म्हटलं. शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्यावर 'दगडू नामदेव वाघ' आहे, तेच रोमनमध्ये उतरवलं. आजोबांच्या नावाचा पुरावा कुणी मागितला नाही, म्हणून तर स्पेलिंग आपणच जपायचं.

त्याआधी एक प्रश्न येतो, आई एकल पालक आहे का आणि फक्त आईचंच नाव देऊन पॅन काढायचं आहे का. डिसेंबर 2018 पासून ही सोय आहे. हा प्रश्न अर्जदाराच्या आईबद्दल असतो. माझी आई स्वतः विधवा आहे, तिला वाटलं आपल्याबद्दलच विचारलंय, म्हणून ती 'हो' म्हणत होती. इथे 'नाही'च. आजीचं नाव ऐच्छिक होतं, तेही भरलं. शेवटी, कार्डावर दोघांपैकी कोणाचं छापायचं? आई क्षणभर थांबली. "बाबांचंच राहू दे," म्हणाली. मी काही बोललो नाही.

पत्त्याची गंमत वेगळी. दुकानातल्या पोराने निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाचा पत्ता टाकून पिन कोड 422003 दिला होता, म्हणजे गाव निफाडचं आणि पिन पंचवटीचा. आईच्या आधारवर तेव्हा गावचा पत्ता होता. ती नाशिकला माझ्याकडे राहते, पण तिच्या नावावर इथलं लाइट बिल नाही, काहीच नाही. पत्ता संपर्काचा असतो म्हणजे कार्ड तिथे पोस्टाने येतं, आणि पुढे खात्याकडून काही कळवायचं झालं तरी नोंदीत तोच पत्ता असतो. गावच्या घराला आता कुलूप आहे. कार्ड तिथे जाऊन परत फिरलं असतं.

म्हणून पॅनचा अर्ज बाजूला ठेवून आधी आधारचा पत्ता बदलला. त्यात कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलायची सोय आहे. मी कुटुंबप्रमुख म्हणून माझा आधार क्रमांक दिला, दोघांची नावं असलेलं जुनं रेशनकार्ड नातं दाखवायला जोडलं, 50 रुपये भरले, मग माझ्या लॉगिनमधून संमती दिली. संमतीला 30 दिवसांची मुदत असते. माझ्या आधारवरचा पत्ता जसाच्या तसा आईला लागला, त्यामुळे आधी स्वतःचा पत्ता नीट आहे ना ते बघून घेतलेलं बरं.

पत्ता बदलून आल्यावर पुन्हा पॅनच्या फॉर्मवर. कागद न पाठवता पूर्ण आधारवरूनच ई-केवायसी करता आलं असतं, पण त्यात आधारवरचाच फोटो कार्डावर येतो. आईचा आधारचा फोटो बघून ती स्वतःच म्हणाली, "ही कोण बाई?" म्हणून दुसरा पर्याय घेतला, फोटो, सही आणि कागद स्कॅन करून चढवायचे आणि ओटीपीने ई-साइन. यात पत्ता आपल्याला चौकटींत भरावा लागतो. आपला पत्ता आपण एका दमात सांगतो, 'सहा नंबर, अमुक सोसायटी, हिरावाडी, पंचवटी.' फॉर्म तो तोडून मागतो. पहिल्या चौकटीत फ्लॅट नंबर, दुसरीत इमारतीचं नाव, तिसरीत रस्ता किंवा पोस्ट ऑफिस, चौथीत HIRAWADI PANCHAVATI, मग शहर NASHIK. स्टेशनच्या पाटीवर Nasik Road असलं तरी आधारवर Nashik आहे, तर Nashik. ऑफिसच्या पत्त्याची चौकट रिकामी आणि संपर्कासाठी घर निवडलं. ऑफिस निवडलं तर ऑफिसच्या पत्त्याचाही पुरावा जोडावा लागतो, हे नोकरी करणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावं. ऑफिस बदलतं आणि कार्ड जुन्या रिसेप्शनवर पडून राहतं.

एओ कोड नावाचं एक पान येतं, म्हणजे आपण कोणत्या आयकर अधिकाऱ्याच्या हद्दीत येतो त्याचा कोड; बघून घाबरायला होतं. राज्य आणि शहर निवडलं की यादी येते, आपल्या भागाची आणि उत्पन्नाच्या प्रकाराची ओळ निवडायची. आईचं उत्पन्न व्याजाचं, म्हणजे इतर स्रोत.

अर्ज दाखवणारं शेवटचं पान मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, तेही आडनाव आधी, फॉर्मच्याच क्रमाने. आधारचे शेवटचे चार आकडे आधी दिलेले असतात, इथे पहिले आठ भरायचे. मग पैसे, शंभरच्या जरा वर, आणि ओटीपी. पंधरा आकडी पावती आली, ती या वेळी माझ्या मेलवर.

आठवड्याभरात ई-पॅनची पीडीएफ आली. उघडायचा पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, मधे काही चिन्ह नाही. नंबरातलं पाचवं अक्षर बघितलं. J. त्यानंतर काही दिवसांनी पोस्टमन कार्ड घेऊन आला, तेही आईच्याच हाती दिलं. दुसऱ्या दिवशी बँकेत पॅन आणि पंधरा एच दोन्ही देऊन आलो.

परवा आईने मामांना फोनवर बातमी सांगितली, कार्डावर बाबांचं नाव छापलंय म्हणून. लगेच मामींनी फोन घेतला, "माझंही काढून दे रे." मी विचारलं, "मामी, आधारवर नाव काय आहे?" पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ.