71 शब्दांचं एक वाक्य

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन अर्ज भरण्याचं दुकान आहे. मे-जून आला की दुकानात दोन प्रकारचे कागद येतात. इथल्या कचेऱ्यांचे कागद कन्नडमधले, आणि सीमेपलीकडून येणारे मराठीतले. कन्नड कागद घेऊन आलेला माणूस सरळ म्हणतो, "मला येत नाही, तू वाच." मराठी कागदवाल्याची पंचाईत जास्त. अक्षरं येतात, भाषा आपली, आणि अर्थ काही लागत नाही. मग तो कागद उलटा-सुलटा करत काउंटरला टेकून उभा राहतो.

गेल्या वर्षी महाराष्ट्रातल्या एका कार्यालयाचं असंच एक परिपत्रक व्हॉट्सॲपवर फिरलं. सीमाभागातल्या मराठी मुलांना प्रवेशात सवलत, असा विषय. जंगलाकडच्या एका गावातून एक मावशी मुलीसाठी आल्या होत्या. स्वतः सातवी शिकलेल्या, पेपर रोज वाचणाऱ्या. म्हणाल्या, "तीन डाव वाचलं गं, मला काय कळंना झालंय. जायचं कुठं ते सांग की." मी वाचलं आणि मलाही लगेच सांगता आलं नाही. अडलं होतं ते हे वाक्य:

"उपरोक्त संदर्भाधीन शासन निर्णयान्वये सीमाभागातील मराठी भाषिक विद्यार्थ्यांकरिता विहित केलेल्या सवलतीचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांनी, त्यांचे मागील सलग तीन वर्षांचे वास्तव्य सीमाभागात असल्याबाबतचे सक्षम प्राधिकाऱ्याने निर्गमित केलेले प्रमाणपत्र तसेच मातृभाषा मराठी असल्याबाबतचे शाळेच्या मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र अर्जासोबत सादर करणे अनिवार्य राहील, तथापि विहित मुदतीत सदर प्रमाणपत्रे प्राप्त न झाल्यास त्याकरिता अर्ज केल्याची पोचपावती ग्राह्य धरण्यात येईल व मूळ प्रमाणपत्रे प्रवेश निश्चितीच्या दिनांकापूर्वी सादर न केल्यास तात्पुरता प्रवेश आपोआप रद्द झाल्याचे समजण्यात येईल."

पुण्या-कोल्हापूरच्या माणसालाही हे जड जाईल, पण तो 'विहित', 'निर्गमित', 'ग्राह्य' हे शब्द कुठल्या ना कुठल्या फॉर्मवर पाहत वाढलेला असतो. महाराष्ट्रात 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर कचेरीची ही मराठी घडत गेली. आमचा भाग 1956 लाच म्हैसूर राज्यात गेला होता. घरात मराठी, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड, अशात ही तिसरी मराठी आमच्या कानावर पडायची कशी?

त्या दिवशी मावशींना तोंडी सांगून पाठवलं. पण दिवसभरात तेच सांगून घसा बसला, तेव्हा ठरवलं की हे सोपं लिहून काढायचं आणि त्याच्या प्रती द्यायच्या.

पहिला प्रयत्न फसला. मी फक्त शब्द बदलत गेले: विहितच्या जागी ठरवलेली, निर्गमितच्या जागी दिलेलं. वाक्य तेवढंच लांब राहिलं आणि वाचणारा पुन्हा मध्यावरच हरवला. अडचण शब्दांची होती, पण त्याहून जास्त गाठींची. 'असल्याबाबतचे' दोनदा, 'न झाल्यास', 'न केल्यास', आणि मधे 'तथापि'. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'उमेदवारांनी' पंधराव्या शब्दाला भेटतात आणि त्यांनी करायचं काय, ते 'सादर करणे' अडतिसाव्या शब्दापाशी कळतं. तोवर वाचणाऱ्याने मधलं सगळं डोक्यात धरून ठेवायचं.

म्हणून दुसऱ्यांदा उलट बाजूने सुरुवात केली. पेन्सिलीने आधी सगळी क्रियापदं अधोरेखित केली आणि प्रत्येकापुढे लिहिलं: कोणी, काय, कुठं, कधी. इथं गंमत झाली. 'निर्गमित केलेले' याच्यापुढे 'कोणी' लिहिलं, तर उत्तर आलं 'सक्षम प्राधिकारी'. म्हणजे कोण? परिपत्रकात कुठंच नव्हतं. लांब वाक्यात ही खोट लपून जाते, तुकडे पाडले की भोक दिसतं. मी अंदाजाने काही लिहिलं नाही. कार्यालयाला फोन लावला, तिसऱ्या खेपेला लागला. "तुमच्याकडचे तहसीलदार," असं उत्तर मिळालं. आमच्याकडे तो दाखला नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, अर्ज केल्यावर निघतो, हे मला दुकानामुळे ठाऊक होतंच.

मग लिहिलेलं असं झालं:

"ही सवलत सीमाभागातल्या मराठी भाषिक मुलांसाठी आहे. अर्जासोबत दोन दाखले जोडा. पहिला दाखला रहिवासी असल्याचा. तो नाडकचेरीत अर्ज केल्यावर तहसीलदार देतात. गेली तीन वर्षं तुम्ही सलग सीमाभागात राहता, असं त्यात लिहिलेलं हवं. दुसरा दाखला शाळेच्या हेडमास्तरांचा. तुमची मातृभाषा मराठी आहे, असं त्यात हवं. अर्जाची मुदत संपेपर्यंत दाखला हातात आला नाही, तर दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती जोडा. पावतीवर मिळालेला प्रवेश तात्पुरता असतो. प्रवेश निश्चितीची तारीख उजाडण्याआधी मूळ दाखले द्या. त्या दिवशी दिलेले चालत नाहीत. न दिल्यास तात्पुरता प्रवेश आपोआप रद्द होईल."

सोपं झालं असं मला वाटून काय उपयोग, म्हणून मोजायचं ठरवलं. इंग्रजीसाठी वाचनसुलभतेची सूत्रं आहेत. रुडॉल्फ फ्लेश यांचं 1948 चं सूत्र सगळ्यात प्रसिद्ध. ते वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चारखंड मोजतं, आणि शंभराच्या आसपास गुण आले तर मजकूर अगदी सोपा मानतं. मी हौसेनं आठ शब्दांचं वाक्य आणि सरासरी तीन अक्षरांचा शब्द धरून आकडे घातले, तर उत्तर उणे पंचावन्न! ते सूत्र इंग्रजीच्या मापाने बेतलेलं. आपण 'साठी', 'पर्यंत', 'कडून' शब्दालाच चिकटवतो, त्यामुळे 'मुलांसाठी' हा साधा शब्दही त्याला अवघड वाटतो. ते बाजूला ठेवलं.

मग स्प्रेडशीटमध्ये A रकान्यात एका ओळीला एक वाक्य टाकलं आणि दोनच गोष्टी मोजल्या. पहिलं सूत्र वाक्यातले शब्द मोजतं. दुसरं हलन्त मोजतं, म्हणजे ढोबळमानाने जोडाक्षरं. 2381 हा हलन्ताचा युनिकोड क्रमांक आहे.

```
=LEN(TRIM(A2))-LEN(SUBSTITUTE(TRIM(A2)," ",""))+1
=LEN(A2)-LEN(SUBSTITUTE(A2,UNICHAR(2381),""))
```

शब्दाची लांबी नुसत्या `LEN` ने मोजण्याच्या फंदात मी पडले नाही. ते काने, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरतं. 'प्रमाणपत्र' आपल्याला पाच अक्षरी, त्याला दहा.

मूळ वाक्य 71 शब्दांचं, त्यात 52 हलन्त. माझी बारा वाक्यं मिळून 80 शब्द आणि 27 हलन्त. सरासरी जेमतेम सात शब्दांचं वाक्य, सगळ्यात लांब तेरांचं. पंधराच्या वर जायचं नाही, ही मीच घातलेली मर्यादा. एकूण शब्द कमी न होता नऊने वाढले, हे मला आधी खटकलं. पण मुळात न दिलेली माहितीही त्यात आली होती, आणि 'त्या दिवशी चालत नाहीत' हे वेगळं लिहिलं होतं. हलन्ताच्या आकड्यावर फार विसंबू नये. 'त्या', 'च्या', 'ल्या' हेही तो मोजतो, आणि त्यांच्यापाशी कुणी अडत नाही. एकाच मजकुराचं आधीचं आणि नंतरचं रूप शेजारी ठेवायला तो बरा, बाकी कशाला नाही.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त हेडमास्तर आहेत, मोजण्याआधी त्यांना दाखवलं होतं. तोवर माझ्या वाक्यात 'निश्चितीच्या तारखेपर्यंत' असं होतं. सरांनी तिथं बोट ठेवलं. "पूर्वी म्हणजे आधी. पर्यंत म्हटलंस तर तो दिवस धरला जातो. एका दिवसानं पोराचं वर्ष जाईल की!" आकड्यांत ही चूक दिसणार नव्हती, उलट चुकीचं वाक्य जास्त सुटसुटीत होतं. तेव्हापासून मी 'पूर्वी', 'पर्यंत', 'किंवा', 'तसेच', 'वगळता' एवढे शब्द मुळात लाल करून ठेवते आणि शेवटी प्रत्येकाचा हिशेब लागतो का ते बघते.

दुसरी दुरुस्तीही सरांचीच. मी 'तात्पुरता'चं 'कच्चा' आणि 'प्रवेश निश्चिती'चं 'प्रवेश पक्का करणे' केलं होतं. सर म्हणाले, "अर्जावर नि वेळापत्रकात हेच शब्द छापलेत. तू 'पक्का' लिहिलंस तर ती बाई वेळापत्रकात 'पक्का' शोधत बसेल." पटलं. पुढे कागदावर जो शब्द भेटणारच आहे, तो तसाच ठेवायचा.

पुढच्या परिच्छेदात उलटा प्रकार झाला. रहिवासाचा पुरावा म्हणून तिथं 'शिधापत्रिका, सातबारा किंवा वीज देयक' होतं. पहिल्याचं रेशन कार्ड केलं, तिसऱ्याचं लाईट बिल. सातबारा छोटा, एकही जोडाक्षर नाही, म्हणून तसाच सोडला. पण आमच्याकडे सातबारा नसतो! इथं उतारा म्हणतात, कचेरीत आरटीसी. महाराष्ट्रातल्या कुणालाही सोपा वाटणारा हा शब्द इथं सगळ्यात अवघड निघाला. आता तिथं 'जमिनीचा उतारा' आहे. दहावीच्या परीक्षेचंही तेच. आमच्या मुलांच्या गुणपत्रिकेवर एसएसएलसी असतं.

छापण्याआधी मावशींना परत बोलावलं. "समजलं का" असं मी विचारत नाही, त्यावर सगळे हो म्हणतात. कागद वाचायला दिला, मग उलटा ठेवला आणि विचारलं, "मावशी, उद्या कुठं जाणार? तिथं काय मागणार? आणि दाखला वेळेत आला नाही तर?" पहिली दोन उत्तरं धडाधड आली. तिसऱ्याला त्या म्हणाल्या, "पावती लावायची. पर ती लावली की झालं नव्हं?" म्हणजे पावतीनंतर मूळ दाखलेही द्यायचे, ते मनावर ठसलं नव्हतं. वाक्य होतं, पण इतर वाक्यांच्या रांगेत हरवलं होतं. मी शब्द बदलले नाहीत. 'पावतीवर मिळालेला' इथून नवी ओळ सुरू केली आणि ते चार वाक्यांचं टोक ठळक छापलं. त्यानंतर दोघा बापांना तोच प्रश्न विचारला, दोघेही अडले नाहीत.

कागदाच्या एका बाजूला माझा मजकूर, पाठीमागे मूळ परिपत्रक जसंच्या तसं, आणि खाली एक ओळ: 'शंका आल्यास पाठीमागचा मूळ मजकूर खरा धरावा.' हे हवंच. मी काही कार्यालय नव्हे.

आठ दिवसांनी मावशी नाडकचेरीतली पावती घेऊन आल्या. पावती अर्थातच कन्नडमध्ये. "ही तिकडं चालतीय काय गं?" मूळ परिपत्रकात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. पुन्हा फोन, पुन्हा तिसऱ्या खेपेला लागला. मग माझ्या कागदावर तेरावं वाक्य आलं: 'दाखला किंवा पावती कन्नडमध्ये असेल, तर सोबत इंग्रजी किंवा मराठी भाषांतर जोडा.' बारा शब्द. आधीच छापलेल्या साठ प्रतींवर ते मी हाताने लिहिलं.