करवली

बुधवार, रात्री साडेदहा

काल दुपारी सांगलीहून आत्याचा आईला फोन आला. “वहिनी, पोरगा-सून बरे आहेत ना?” आईनं “हो हो” म्हणत विषय पावसावर नेला, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. माझी वहिनी, दादाची बायको, माहेरी जाऊन तीन आठवडे झाले. आईनं हे कुणालाच सांगितलेलं नाही. मी एकीला सांगितलं होतं.

त्या एकीची परवाची फेसबुक पोस्ट पुन्हा उघडली. “रात्री अकराला जिवलग मैत्रिणीचा फोन. ज्या लग्नात मी करवली म्हणून मिरवले, तो संसार आज असा मोडताना बघून झोप लागली नाही. नाती इतकी स्वस्त झाली का?” नाव नाही, गाव नाही. पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही ‘बरंय, ओळखू येत नाही’ म्हणून सोडून दिली होती.

पण ती आयुष्यात एकाच लग्नात करवली झाली आहे. त्याचे फोटो तिच्याच खात्यावर आहेत, दोन वर्षांपूर्वीचे, हातात करा घेतलेला, शेजारी दादा. ते फोटो आत्यानं तेव्हाच लाइक केले होते. नाव नसलं तरी चालतं, दोन खुणा जुळल्या की झालं. त्यातून खाली कुणीतरी “कोण गं?” विचारलेलं आणि हिचं उत्तर, “फोनवर सांगते.” म्हणजे विचारणाऱ्यानं बरोबर अंदाज बांधायला सुरुवात केली होती, त्याला हिनं दारच उघडून दिलं.

मेसेज लिहायला घेतला आणि खोडला. एक तर तो रागाचा झाला असता, दुसरं म्हणजे लिहिलेलं पुढे कुठे जाईल याचा आता भरवसा उरला नव्हता. म्हणून आज ऑफिसनंतर तिला कमला नेहरू पार्कात बोलावलं. बाहेर चहा घेतला, मग बाकावर बसलो.

“अगं, पण मी नाव कुठे घेतलं?” अपेक्षित होतं. करा घेतलेला तो फोटो काढून दाखवला. ती गप्प झाली. मग म्हणाली, “मला खरंच त्रास झाला होता. मला तरी कुणाशी बोलायला नको का?”

हे मला लागलं, कारण ते खोटं नाही. अकरा वाजता फोन करून मी तासभर रडले, आणि हे कुणाला सांगायचं नाही असं एकदाही म्हटलं नाही. ते तिला आपोआप कळायला हवं होतं असं मला वाटतं. तिला वाटलं, नाव गाळलं म्हणजे जपलं.

म्हणून ‘जरा सांभाळून लिही’ असं मोघम बोलले नाही. सांभाळून म्हणजे किती, हे तिचं तीच ठरवणार आणि पुन्हा तेच होणार. सरळ म्हटलं, “माझ्या घरातलं काहीच टाकू नकोस. नाव न घेता नको, ‘एका मैत्रिणीच्या घरी’ असंही नको, आणि या काळात कोर्ट-वकील-संसारावरचे सुविचारही नकोत. तुला जड झालं तर मला फोन कर, नवऱ्याशी बोल. ते मला चालेल.”

तिनं तिथेच फोन काढला. आधी म्हणाली, करवलीचं वाक्य बदलते. मी नको म्हटलं. पोस्ट बदलली तरी खालच्या कमेंट तशाच राहतात, आणि जुना मजकूर इतिहासात बघता येतो. मग काढून टाकायला गेली तर समोर दोन पर्याय, अर्काइव्ह आणि ट्रॅश. ट्रॅशमध्ये टाकायला लावली; तिथेही ती 30 दिवस राहते, म्हणून आत जाऊन तिथूनही काढली. कुणी स्क्रीनशॉट घेतला असेल तर त्याला इलाज नाही. तेच वाक्य तिनं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसलाही ठेवलं होतं म्हणे. ते 24 तासांत आपोआप गेलं, पण किती जणांनी पाहिलं ते आता तिलाही दिसत नाही.

“मग ‘गैरसमज नको, पोस्ट काढतेय’ असं टाकू का?”

“बाई गं, नको!” मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या आजोबांनी चालणं थांबवून बघितलं. आम्ही दोघी हसलो, परवापासून पहिल्यांदा. विचारणाऱ्यांना काय सांगायचं तेही ठरवलं: “माझं बोलायचं नाही ते,” एवढंच. “काही नाही गं, सगळं छान आहे” असं खोटंही नाही, कारण उद्या दादानंच कुणाला सांगितलं तर ती उगाच तोंडघशी पडेल.

दादाला मात्र अजून काही माहीत नाही. त्याला मीच सांगायला हवं, आणि त्यात पोस्टच्या आधी माझा फोन येतो. रविवारी सांगेन.

झोपण्याआधी तिचं स्टेटस उघडलं. अंगणातला प्राजक्ताचा सडा, खाली एक ओळ नाही. तरी फोटो मोठा करून पाहिला.