अधिकाचं चिन्ह आणि आत्याची वही

वॉलेटची हिस्टरी उघडली की आधी डोळ्यांत भरतं ते हिरवं. हिरव्या आकड्यापुढे अधिक, बाकीच्यांपुढे वजा. हिरवं ते आलं, उरलेलं गेलं, इतका सोपा हिशेब असता तर माझ्या आत्याला महिनाअखेरीला मला फोन करावा लागला नसता.

आत्या सांगलीला असते. तिच्याकडे जमाखर्चाची लांबट वही आहे, आणि आता फोनमधला इतिहासही ती त्याच वहीत उतरवते. परवा म्हणाली, "अगं, या महिन्यात मला पैसे बरेच आलेत. पण पाठवले कुणी?"

मी तिला त्या मंगळवारच्या ओळी वाचायला लावल्या. किराण्याचं बिल झालं होतं ४८० रुपये. वॉलेटमध्ये शिल्लक १३०. कमी पडलेले ३५० ॲपने तिच्या बँक खात्यातून ओढून घेतले आणि मग दुकानदाराला पूर्ण रक्कम दिली. तिच्या लेखी हा एकच व्यवहार. यादीत मात्र त्याच मिनिटाच्या दोन ओळी: ३५० अधिक, ४८० वजा. शिवाय यादी उलटी असते, ताजं वर आणि जुनं खाली. वरून वाचत आलं की आधी किराणा दिसतो आणि नंतर त्यासाठी आणलेले पैसे. म्हणून ती खालून वर वाचावी. दुसऱ्या दिवशी आणखी एक हिरवी ओळ, १२ रुपये.

आत्याने वहीत जमेला ३६२ मांडले होते. खर्चाला वॉलेटचे ४८०, आणि पासबुकात ३५० गेलेले दिसले म्हणून तेही. म्हणजे खर्च ८३०! इतका किराणा तिच्या एकटीच्या घरात येतच नाही, हेही तीच म्हणाली.

मी सांगितलं, प्रत्येक हिरव्या ओळीला एकच विचारायचं: तुझी दुसरी बाजू कुठे आहे? ३५० ची दुसरी बाजू पासबुकात सापडली. तीच तारीख, तीच रक्कम, नाव वॉलेट कंपनीचं. यूपीआयने भरले असतील तर ओळीवर बोट ठेवल्यावर दिसणारा १२ अंकी क्रमांकही दोन्हीकडे तोच. हा टॉप-अप. पैसे आपलेच, या खिशातून त्या खिशात गेलेले. ते ना जमा, ना खर्च. १२ रुपयांची जोडीदार ओळ मात्र पासबुकात कुठेच नाही, कारण ते आपल्याकडून आलेलेच नाहीत. तो कॅशबॅक. आणि ४८० गेले ते दुकानदाराला, खरा खर्च तेवढाच. कॅशबॅक वजा करून ४६८.

ताळा करायचा तर पासबुक बाजूला ठेवून नुसत्या वॉलेटवर करावा. आधीचे १३०, त्यात ३५० घाला, ४८० काढा, १२ घाला. उरतात १२, आणि ॲपमध्ये शिल्लक तेवढीच दिसली की ओळ सुटलेली नाही. आत्याने तो दोनदा केला. तिचा आकड्यांवर विश्वास आहे, माझ्यावर बेताचा.

फसवतो तो रिफंड. तोही हिरवा, त्याचीही जोडी पासबुकात नसते. पण यादीतच थोडं मागे गेलं की त्याच रकमेचं वजा सापडतं. २९९ चं रिचार्ज फसलं, २९९ परत आले. कॅशबॅक सहसा बिलाचा एखादा तुकडा असतो, रिफंड बहुधा रुपयाला रुपया. अर्धीच ऑर्डर रद्द झाली असेल तर रकमेवरून कळत नाही. तेव्हा ओळ उघडून आतला ऑर्डर क्रमांक मूळ खरेदीशी जुळवावा. रिफंड जमेला मांडायचा नाही, त्या खरेदीवरच काट मारायची.

बक्षिसाच्या चौकोनावर बोट घासून "२५ रुपये जिंकलात" असं आलं, तरी वहीत लगेच काही लिहू नये. पुष्कळदा ते पुढच्या खरेदीवरचं कूपन असतं. शिल्लक वाढली नाही तर कॅशबॅक आलेला नाही. काही ॲप तर कॅशबॅक थेट बँक खात्यात टाकतात. मग वॉलेटच्या शिलकेत तो शोधून सापडणार नाही, पासबुक बघावं लागतं.

दुकानदारांच्या नावांचा घोळ वेगळाच. पाटीवर दुकानाचं नाव, यादीत मात्र क्यूआर ज्याच्या नावावर काढलाय त्याचं. आत्या एका अनोळखी गृहस्थाला आठवड्यातून दोनदा पैसे देत होती. तो भाजीवाल्याचा मुलगा निघाला. अशा ओळींना ॲपमध्ये टीप जोडता येत असेल तर त्याच दिवशी जोडावी, महिन्याने आठवत नाही.

आता तिने यूपीआय लाइट सुरू केलंय. तिथे बँकेच्या पासबुकात फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. कोथिंबिरीचे दहा आणि रिक्षाचे तीस फोनमधल्या यादीतच राहतात. त्यामुळे पासबुकातली ती ओळ टॉप-अप समजून सोडायची आणि खर्च फोनमधून उतरवायचा. आत्याने त्यासाठी वहीत वेगळं पान आखलंय.