१.४९ वर थांबलेला आकडा

रविवार, रात्रीचे अकरा.

आज दुपारी धाकटा खोलीत आला, माझ्या मागे उभा राहून थोडा वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला आणि त्याने सहज विचारले, "दादा, हा आकडा प्रत्येक ओळीत दीडच्या जवळच का आहे? याच्या खाली जात नाही का तो?" मी म्हणालो, "एवढे चालते." तो निघून गेला. ते उत्तर मी ज्या सहजतेने दिले, ती सहजता मला दिवसभर टोचते आहे, कारण "एवढे चालते" हे मला कोणी सांगितले होते, याचा शोध घेऊ लागलो तर उत्तर सापडत नाही.

आकडा लॉसचा होता, म्हणजे मॉडेलचे उत्तर किती चुकते आहे हे मोजणारा, १.४९. हाताने लिहिलेल्या अंकांची एमनिस्टची चित्रे, प्रत्येक चित्र २८ गुणिले २८ पिक्सेलचे, शिकवण्यासाठी ६०,००० आणि तपासण्यासाठी १०,०००. मधला एकच लेअर १२८ न्यूरॉनचा, शेवटी दहा अंकांसाठी दहा आउटपुट. पाच एपॉकनंतर, म्हणजे सगळी चित्रे पाच वेळा दाखवून झाल्यावर, अचूकता ९७ टक्के. गेल्या रविवारी मी वहीत लिहिले होते, "लॉस १.४९, अचूकता ९७, झाले", आणि पुढे हिरव्या शाईने बरोबरची खूण केली होती. आज ती खूण पाहवत नव्हती.

न्यूरल नेटवर्क शिकण्याची तेरा आठवड्यांची योजना मी मोठ्या निगुतीने आखली होती. आठवड्याचे पाच दिवस ऑफिसचे, त्यामुळे शनिवारी चार तास आणि रविवारी चार तास, म्हणजे एकूण १०४ तास. पहिले चार आठवडे गणिताला दिले, म्हणजे ३२ तास मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह आणि संभाव्यतेची व्याख्याने ऐकण्यात आणि टिपणे काढण्यात गेले. कोडला पाचव्या आठवड्यात हात लावला. आज सहावा संपला. बाकीचे ज्या वयात हे सगळे शिकून मोकळे झाले त्याविषयी, आणि शुक्रवारी ऑफिसच्या बैठकीत जे झाले त्याविषयी, आज लिहायचे नाही. आजचा विषय हा आकडाच आहे.

धाकटा गेल्यावर मी कागद घेतला. मॉडेलला काहीच कळत नसेल, तर ते दहाही अंकांना सारखीच, म्हणजे ०.१ इतकी संभाव्यता देईल आणि लॉस १० च्या नैसर्गिक लॉगइतका, म्हणजे २.३० येईल. सुरुवात खरोखरच तिथून झाली होती. पण १०० पैकी ९७ चित्रे बरोबर ओळखणाऱ्या मॉडेलचा लॉस १.४९ कसा असेल? तितका लॉस येण्यासाठी योग्य अंकाला सरासरी ०.२३ च्या आसपासच संभाव्यता मिळायला हवी. एवढ्या कच्च्या खात्रीने इतकी अचूक उत्तरे देणारे मॉडेल असणे मला पटेना. हा विरोध आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोर होता.

मग एक साधी चाचणी केली, जी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ६०,००० चित्रे बाजूला ठेवून फक्त ३२ चित्रांची एक बॅच घेतली आणि तीच पुन्हा पुन्हा मॉडेलला दाखवली. या मॉडेलमध्ये एक लाखाहून जास्त वजने आहेत, तेव्हा ३२ चित्रे त्याला तोंडपाठ व्हायलाच हवीत आणि लॉस शून्यापाशी पोहोचायला हवा. चित्रे पाठ झाली, ३२ पैकी ३२ उत्तरे बरोबर आली, आणि लॉस १.४६१ वर येऊन थांबला. ट्रेनिंग कितीही वाढवले तरी १.४६१. तळाला काहीतरी फरशी बसवावी आणि आकड्याने तिच्या खाली जाऊ नये, असा तो प्रकार होता. चूक या दोन ओळींत होती:

```python
return F.softmax(self.fc2(x), dim=1)

loss = nn.CrossEntropyLoss()(model(xb), yb)
```

आकड्यांच्या संभाव्यता करून देणारे सॉफ्टमॅक्स पायटॉर्चमधले `CrossEntropyLoss` स्वतःच लावते. त्याला शेवटच्या लेअरचे कच्चे आकडे, म्हणजे लॉगिट, हवे असतात. मी त्याच्या हाती आधीच संभाव्यता दिल्या, त्यावर त्याने दुसऱ्यांदा सॉफ्टमॅक्स लावले. संभाव्यता शून्य ते एक यांच्यामध्येच राहते, त्यामुळे मॉडेलने कितीही ठाम उत्तर दिले, तरी एका जागी १ आणि उरलेल्या नऊ जागी ० यापेक्षा ठाम काही त्याला म्हणता येत नाही. त्यावर पुन्हा सॉफ्टमॅक्स लावा: १ चे २.७१८ होते, नऊ शून्यांचे प्रत्येकी १, एकूण ११.७१८, आणि योग्य अंकाचा वाटा ०.२३२. त्याचा लॉग काढून चिन्ह बदलले की बरोबर १.४६१. उत्तर पूर्णपणे चुकले, तर हाच हिशोब २.४६१ देतो. म्हणजे पूर्ण बरोबर आणि पूर्ण चूक यांच्यात माझ्या लॉसला दिसणारा फरक फक्त १ होता. शंभरांतली तीन चित्रे ठामपणे चुकली की सरासरी १.४६ अधिक ०.०३, म्हणजे १.४९. आकडा इतका प्रामाणिक होता की तो अचूकताच वेगळ्या शब्दांत सांगत होता, आणि मी तो वाचला नाही.

इथे मला काय लागले, हे नीट लिहून ठेवायचे आहे. चूक झाली याचे तितके दुःख नाही. पण कुठेही एरर आली नाही. ऑफिसमध्ये चुकीच्या प्रकारचा डेटा दिला की एक्सेप्शन येते, टेस्ट लाल होते आणि कोणत्या ओळीत घोटाळा आहे ते समोर दिसते. इतक्या वर्षांत माझी नजर लाल रंगाची वाट पाहायला शिकली आहे. इथे शेप बरोबर होता, लॉस उतरत होता, अचूकता चढत होती, आणि लाल काहीच नव्हते. म्हणून मी पाहणे थांबवले. धाकट्याला यातले काही येत नाही. त्यामुळे तो आकडा नुसता पाहू शकला, आणि मी "एवढे चालते" म्हणालो.

आणखी एक गोष्ट जास्त लागली. गणिताच्या तिसऱ्या आठवड्याचे पान उघडले तेव्हा तिथे माझ्याच अक्षरात, चौकट करून लिहिलेले होते की सॉफ्टमॅक्स आणि क्रॉस एन्ट्रॉपी एकत्र घेतले की लॉगिटवरचा ग्रेडियंट, म्हणजे तो आकडा किती आणि कुठे सरकवायचा याचे माप, केवळ `p - y` इतका उरतो: मॉडेलची संभाव्यता वजा खरे उत्तर. समजा मॉडेलने एका ४ ला ०.९९९ इतक्या खात्रीने ९ म्हटले आणि उरलेली ०.००१ संभाव्यता ४ ला दिली. तर ९ च्या लॉगिटवर जवळजवळ १ इतका ग्रेडियंट येतो आणि जितकी मोठी चूक तितका मोठा धक्का बसतो. माझ्या कोडमध्ये तोच ग्रेडियंट वरच्या जास्तीच्या सॉफ्टमॅक्समधून मागे येताना घसरत होता. संध्याकाळी मी तो हाताने काढला, तर ०.००१ च्या थोडासा वर आला. म्हणजे जे चित्र मॉडेल सर्वात ठामपणे चुकत होते, त्याच चित्राकडून शिकण्याची वाट जवळजवळ बंद होती. हे सूत्र मी चौकट करून जपले होते, पण ते कधी वापरले नव्हते.

`softmax` काढून टाकल्यावर त्याच ३२ चित्रांवर लॉस ०.००१ च्या खाली गेला. पूर्ण डेटावर पाच एपॉकनंतर तो ०.०५ च्या आसपास आला आणि अचूकता साडेसत्त्याण्णवला पोहोचली. अर्ध्या टक्क्याची वाढ पाहून थोडा वेळ खट्टू होऊन बसलो. एवढ्याशा फरकासाठी दुपार गेली, आणि त्याआधीचे चार आठवडे कशात गेले, असे मनात येत राहिले. जेवण झाल्यावर ते मळभ थोडे विरळ झाले. चौकटीतले सूत्र नसते, तर ०.००१ चा हिशोब मला आज करता आला नसता, हेही खरे आहे. चार आठवडे वाया गेले असे म्हणवत नाही. ते कोडच्या आधी एकगठ्ठा गेले, ही चूक होती. ते सूत्र ज्या शनिवारी लिहिले, त्याच रविवारी या ३२ चित्रांवर चालवून पाहिले असते, तर सहाव्या आठवड्यात धाकट्याच्या प्रश्नाची गरज पडली नसती.

उरले सात आठवडे. त्यातला एक रिलीजचा आहे, तो माझा नाहीच, हे आताच मान्य करून सहा धरतो. म्हणजे ४८ तास. जुन्या यादीतले जनरेटिव्ह अॅडव्हर्सेरियल नेटवर्क आणि रीइन्फोर्समेंट लर्निंग आज खोडले. खोडताना हात जड झाला, पण दोन्हींना प्रत्येकी आठ तास देऊन हाती फक्त शब्द आले असते.

येता आठवडा हाच छोटा नेटवर्क नमपायमध्ये, पायटॉर्चशिवाय लिहिण्यासाठी. ग्रेडियंट हाताने काढायचे, आणि ते बरोबर आहेत का हे तपासण्यासाठी एक वजन 0.00001 ने वर आणि तेवढेच खाली सरकवून लॉसमधल्या फरकाला 0.00002 ने भागायचे. दोन उत्तरांतला सापेक्ष फरक कोटींत एखाद्या भागाइतका असेल तर सूत्र खरे, शंभरांत एखादा भाग असेल तर कुठेतरी घोटाळा आहे. माझ्या लाल दिव्याला सरावलेल्या नजरेसाठी हा दिवा मीच बसवायचा आहे. त्यानंतरचे तीन आठवडे सायफार-१० च्या रंगीत चित्रांवर कन्व्होल्यूशनसाठी, आणि शेवटचे दोन अक्षराअक्षराने मजकूर शिकणाऱ्या छोट्या मॉडेलमधून अटेन्शन समजून घेण्यासाठी. गणित यापुढे ज्या आठवड्यात लागेल त्याच आठवड्यात.

मधल्या पाच दिवसांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. शनिवारचा पहिला तास मागचे आठवण्यात जातो, आणि आठ तासांतला एक तास म्हणजे थोडाथोडका नाही. म्हणून रविवारी शेवटचा अर्धा तास नवे काही करायचे नाही. पुढच्या शनिवारी पहिली ओळ कोणती लिहायची आहे, आणि चालवल्यावर स्क्रीनवर कोणता आकडा अपेक्षित आहे, एवढे कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाखाली ठेवायचे.

आजचा कागद लिहिला आहे. "रिकामी फाईल. ३२ चित्रे. दहा वर्ग, म्हणून पहिला लॉस २.३० च्या जवळ. शेवटी शून्याकडे. मध्येच कुठे थांबला तर पुढे जायचे नाही."

त्याखाली धाकट्याचा प्रश्न लिहून ठेवला आहे. उद्या सकाळी ऑफिसला निघण्याआधी त्याला खरे उत्तर सांगायचे आहे.