पाटावर बसून बघितल्याशिवाय नऊवारी पक्की नाही

आज एका नवरीची ट्रायल झाली. नऊवारी आणि खोपा मिळून माझं पॅकेज 7000 चं, ट्रायलचे 1500 वेगळे. तिच्या आईला ते जास्तीचे वाटत होते. साडी नेसवून मुलीला पाटावर मांडी घालून बसवलं. बसताच मागे काष्टा ताणला गेला आणि पोटऱ्या उघड्या पडल्या. मांड्यांवर कापड सैल सोडून काष्टा पुन्हा खोचला, तेव्हा जमलं. खोपाही जरा वर घेतला, मुंडावळ्यांची गाठ खाली बसायला जागा हवी ना! दोन तास गेले. मुहूर्ताच्या सकाळी एवढा वेळ कुठून आणणार? आणि ट्रायलला लग्नातलीच साडी आणा गं, सुती साडीवरून रेशमाचा अंदाज येत नाही.