शॉकची कॉमेंट

मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि सकाळी साडेनऊलाच हिंगण्याच्या आमच्या कारखान्याचा पत्रा तापलेला. आम्ही कूलर बनवतो. मी तिथे फेसबुक-इन्स्टाग्रामचं पेज आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे ग्राहकांचे मेसेज सांभाळते. मार्च ते जून हा आमचा सीझन, आणि तक्रारींचाही.

पर्स टेबलावर ठेवायच्या आतच सोबतचा पोरगा म्हणाला, “ताई, एक बाई लई चिडल्या होत्या. मी त्यांची कॉमेंट हाइड केली.”

कॉमेंट मानेवाड्याच्या एका ताईंची होती. “तुमच्या कूलरने माझ्या सासूबाईंना शॉक बसला. हात अजून दुखून राहिला त्यांचा. दोन दिवसांपासून फोन लावून राहिली, कोणी उचलून नाही राहिलं. लोकहो, घेऊ नका.” सोबत बिलाचा फोटो. त्यावर त्यांचा मोबाइल नंबर, घराचा पत्ता, सगळं स्पष्ट वाचता येईल असं.

पोराचा हेतू वाईट नव्हता. नंबर सगळ्यांना दिसतोय म्हणून त्याने ती लपवली. पण फेसबुकवर लपवलेली कॉमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रयादीतल्या लोकांना दिसतच राहते, फक्त बाकीच्यांना दिसत नाही. म्हणजे ताईंना वाटतं आपण सगळ्यांसमोर बोललो, आणि ज्याला त्यांनी फोनवर सांगितलं त्याला मात्र काहीच सापडत नाही. तसंच झालं होतं. त्यांचा दीर, जो मित्रयादीत नव्हता, त्याने पोस्टखाली विचारलं होतं, “वहिनीची कॉमेंट कुठे गेली?” त्याखाली कोणीतरी स्क्रीनशॉट टाकला होता, म्हणजे तोच नंबर आता दुसऱ्याच्या हाताने पुन्हा चव्हाट्यावर. आणि त्याखाली एका काकांचं वाक्य: “हे असेच. इनबॉक्समध्ये बोलावतात अन् तिथं गप्प करतात.”

त्या काकांचं खरं होतं. गेल्या महिनाभरात आमच्या पेजवर जवळपास प्रत्येक तक्रारीखाली एकच वाक्य चिकटवलं होतं: “गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया इनबॉक्स करा.” पेज खाली सरकवत गेलं की तेच वाक्य एकाखाली एक. आम्ही त्यातल्या बऱ्याच लोकांचं काम केलं होतं, पण ते इनबॉक्समध्ये. बाहेरून बघणाऱ्याला दिसत होतं ते एवढंच, की तक्रार आली आणि आत ओढली गेली.

मी कॉमेंट पुन्हा सगळ्यांना दिसेल अशी केली. शेठजी मागे उभे होते. “नंबरचं काय?” त्यांचा प्रश्न बरोबर होता. ताईंची कॉमेंट आपल्याला बदलता येत नाही, लपवता किंवा उडवता येते एवढंच. म्हणून फोटो त्यांनीच काढावा, आणि तक्रार मात्र राहू द्यावी, हे त्यांना सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं. कारण उघड सांगितलं नाही, तर “फोटो काढा” याचा अर्थही “तोंड बंद करा” असाच लागतो.

मग उत्तर लिहायला बसले. वीस मिनिटं लागली. सहसा एवढा वेळ मी घेत नाही, पण इथे वाचणारे ताईंखेरीज शेकड्याने होते आणि त्यातल्या कित्येकांच्या घरी आमचाच कूलर चालू होता. जे त्या सगळ्यांना कळायला हवं ते इनबॉक्समध्ये नेणं मला पटेना. शेवटी हे गेलं:

“ताई, आईंचा हात कसा आहे? दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, कूलरचं आम्ही बघतो. कूलर बंद करून प्लग काढून ठेवा, आम्ही येईपर्यंत लावू नका. तुमची कॉमेंट सकाळी आमच्याकडून लपवली गेली होती, ती चूक होती, आता सगळ्यांना दिसतेय. फोन दोन दिवस उचलला गेला नाही, तोही आमचाच दोष. बिलाच्या फोटोत तुमचा नंबर आणि पत्ता आहे, म्हणून फक्त तो फोटो काढा, तक्रार राहू द्या. घरी यायची वेळ ठरवायला मी आत्ता याच पेजवरून तुम्हाला मेसेज करतेय. ‘मेसेज रिक्वेस्ट’मध्येही बघा. काय झालं ते आज संध्याकाळी ५ वाजता इथेच लिहीन. बाकी सगळ्यांना विनंती: कूलरमध्ये पाणी भरताना किंवा आत हात घालताना स्विच बंद करून प्लग काढा. बॉडीला झिणझिण्या जाणवल्या तर कूलर वापरू नका, आम्हाला कळवा.” खाली माझं नाव.

“तुम्ही मेसेज करा” असं लिहायचं मी तेव्हापासून सोडलं. दोन दिवस फोन लावून दमलेल्या माणसाला पुन्हा दार वाजवायला लावणं बरं नाही. पण आपण पहिला मेसेज करायचा तर एक अडचण असते. कॉमेंट करणाऱ्याला पेजवरून असा खासगी मेसेज एकदाच पाठवता येतो. तिकडून उत्तर आलं तरच पुढे बोलता येतं. त्यात अनोळखी पेजचा मेसेज बऱ्याचदा ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतो आणि माणसाला दिसतच नाही. म्हणून एक तर बाहेर तसं सांगावं लागतं, आणि तो एकच मेसेज “नमस्कार, आम्ही आपली काय मदत करू?” असल्या वाक्यात घालवून चालत नाही. मी त्यात तक्रार क्रमांक दिला, मेकॅनिक आज दुपारनंतर निघेल असं लिहिलं आणि एकच गोष्ट विचारली: घरी किती वाजता कोणी असेल? बिल नंबर, मॉडेल, खरेदीची तारीख काही विचारलं नाही. फोटोतून उतरवून घेतलं होतं. माणसाने एकदा सांगितलेलं पुन्हा विचारलं की त्याचं डोकं फिरतं, आणि का फिरू नये?

पावणेअकराला ताईंच्या कॉमेंटखाली आमचाच लोगो लावलेल्या एका खात्याचं उत्तर दिसलं. “प्रिय ग्राहक, रिफंडसाठी आपला मोबाइल नंबर व बँकेचे नाव पाठवा.” आमचं नव्हतं ते. तक्रारींवर टपून बसलेली अशी खाती असतात. चिडलेला, पैसे परत हवे असलेला माणूस त्यांना हवाच असतो. नंबर मिळाला की फोन येतो, मग स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतात किंवा ओटीपी मागतात. माझ्या हातापायातलं बळच गेलं, कारण आम्ही महिनाभर लोकांना हेच शिकवत होतो, की कंपनी म्हणते “इनबॉक्समध्ये या” आणि तुम्ही जायचं. कोणाच्या इनबॉक्समध्ये, हे कधी सांगितलंच नव्हतं.

आधी स्क्रीनशॉट घेतला, मग ते उत्तर उडवलं आणि खातं रिपोर्ट केलं. गुपचूप उडवलं असतं तर पुन्हा तोच संशय, म्हणून लगेच खाली लिहिलं: “इथे आमच्या नावाने एका खोट्या खात्याने उत्तर दिलं होतं, ते आम्ही काढलं आहे. आमचा मेसेज फक्त याच पेजवरून येतो. ओटीपी, बँकेची माहिती आम्ही कधीच मागत नाही. कोणी पैसे गमावले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.” आणि ताईंना कारखान्याच्या नंबरवरून फोन केला. त्यांनी त्या खात्याला नंबर दिला नव्हता. पहिला अर्धा मिनिट त्यांना मीच खोटी वाटले. मी म्हटलं, “ताई, मी आता फोन ठेवते. पेज उघडा, मेसेजमध्ये तक्रार क्रमांक आहे, तो बघा, आणि बिलावर छापलेल्या नंबरवर तुम्हीच फोन करा. आज मी उचलते.” पाच मिनिटांनी त्यांचा फोन आला. फोटोही त्यांनी काढला होता. स्क्रीनशॉट टाकणाऱ्या गृहस्थांनाही तसंच विचारलं, त्यांनीही काढला.

तोवर आणखी तिघांनी “आम्हालाही झिणझिण्या येतात” असं लिहिलं होतं. तिघांना एकच उत्तर चिकटवायचा मोह होतो. मी प्रत्येकाला वेगळं लिहिलं, कारण गोष्टी वेगळ्या होत्या. एकाचा कूलर मुळात आमचा नव्हताच, त्यालाही प्लग काढून इलेक्ट्रिशियनला दाखवा असं सांगितलं.

पाच वाजले आणि मेकॅनिक तिथे पोचला नव्हता. आधीच्या घरी काम लांबलं होतं. शेठजी म्हणाले, “काम झाल्यावरच लिही ना, अर्धवट काय सांगायचं?” मी पाचलाच लिहिलं: “ताईंशी फोनवर बोलणं झालं, आईंना डॉक्टरांना दाखवलं आहे. आमचा माणूस ५ पर्यंत पोचणार होता, पोचला नाही. ७ पर्यंत पोचेल. ८ वाजता पुन्हा लिहिते.” सकाळच्या त्याच काकांनी त्याला लाइक केलं.

साडेसातला मेकॅनिकचा फोन. पंपाच्या वायरचं वेष्टण ताटीच्या फ्रेमच्या धारेवर घासून फाटलं होतं, ओल लागून करंट पत्र्यात उतरत होता. वायर त्या धारेवरून बसवली गेली होती ती आमच्याच कारखान्यात. पण दुसरीही गोष्ट होती. त्याने टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि एक सॉकेटच्या अर्थिंगला लावली, तर दिवा लागेचना. घराची अर्थिंगच तुटलेली. ती चालू असती तर हा झटका इतका बसला नसता.

शेठजींचा चेहरा उजळला. “हे लिही. लोकांना कळू दे, घरचं वायरिंगच खराब होतं.”

मी नाही म्हटलं, आणि थोडी वादावादी झाली. ते खरं होतं, पण ते आम्हाला त्यांच्या घरात शिरल्यावर, खासगीत कळलेलं होतं. खासगीत बोलावून, तिथे मिळालेलं आपल्या बचावासाठी बाहेर मांडलं, तर यापुढे कोण आत येईल? शिवाय फाटलेली वायर आमचीच होती. मी मजकूर लिहिला आणि आधी ताईंना पाठवला: “हे असं लिहू का? काही नको असेल तर सांगा.” त्यात आमच्या वायरची चूक होती, पंप आणि वायर बदलून दिल्याचं होतं, त्या लॉटचे कूलर आम्ही घरी येऊन मोफत तपासू असं होतं, आणि सगळ्यांसाठी एक ओळ की तीन पिनचा प्लग असला तरी सॉकेटची अर्थिंग चालू आहे का ते एकदा तपासून घ्या, बोर्डावर करंट गळला की वीज तोडणारी आरसीसीबी बसवून घ्या. पैशांचं काय ठरलं ते लिहिलं नाही. ताईंनी एक बदल सुचवला. “‘समस्या सुटली’ काढा. आईंचा हात दुखायचा थांबला की मी सांगीन.”

मी ती ओळ काढली आणि आठला मजकूर टाकला. पुढचे चार दिवस त्या लॉटच्या ग्राहकांचे फोन येत राहिले, पोरगा आणि मी आलटूनपालटून उचलत होतो. पाचव्या दिवशी ताईंनी आपल्याच जुन्या कॉमेंटखाली लिहिलं: “आई बऱ्या आहेत. घराची अर्थिंग पण करून घेतली, तुटलेली होती. तुम्ही पण बघून घ्या बाप्पा.”