बाळंतपणाच्या रजेनंतर सहा तासांची ड्युटी : मंजुरी लगेच, पगार मात्र हाफ-डेचा

माझ्या वरच्या साहेबांनी कमी तासांना होकार दिला तेव्हा मला वाटलं, सुटलो. खरं तर तिथून पुढे सुरू झालं. माणसं 'हो' म्हणाली होती, पण गेटजवळच्या पंचिंग मशिनला कुणी सांगितलंच नव्हतं. अजूनही 'सिस्टीम घेत नाही' हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं फिरतं.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या परचेस विभागात काम करते. घर फुलेवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. रजा कायद्याप्रमाणे 26 आठवड्यांची मिळाली, त्यावरून काही वाद नव्हता. परत जायची वेळ आली तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचं होतं, नुकतं वरचं खायला लागणार होतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, म्हणाल्या, "मी सांभाळते गं, पण पहिले दोन-तीन महिने चारच्या पुढं माझ्याच्यानं होणार नाही." मग मागणीही तेवढीच ठेवली.

आधी एक गोष्ट सांगते, कारण नव्या मुली इथंच फसतात. खासगी नोकरीत बाळंतपणानंतर कमी तास काम करायचा हक्क आपल्या कायद्यात नाही. घरून कामाची तरतूद 2017 च्या दुरुस्तीनं आली, पण तीही कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक-कर्मचारी दोघं कबूल असतील तर. हक्काचं काय आहे? बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी, आणि 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर. माझ्या वेळी हे 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात होतं. नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, या तरतुदी मात्र तिथंही आहेत. आमच्याकडे पाळणाघर म्हणून जी खोली आहे ती शेकआउटच्या, म्हणजे वाळूचे साचे फोडून कास्टिंग काढतात त्या जागेच्या बाजूला आहे, वाळूची धूळ दारातून आत येते. तिथं बाळ ठेवायचा प्रश्नच नव्हता.

म्हणजे कमी तास हा सौदा, आणि पाजण्याची सुट्टी हा हक्क. हे दोन्ही एकत्र करून मागितलं तर पगारात फरक पडतो.

आमची जनरल शिफ्ट 9 ते 5:30, मधे अर्धा तास जेवण, म्हणजे काम आठ तास. मी मागितलं ते असं : पहिले दोन महिने 10 ते 4:30, म्हणजे सहा तास. तिसऱ्या महिन्यात 9:30 ते 5, म्हणजे सात तास. चौथ्यापासून पूर्ण. पगार तासांच्या प्रमाणात. आता सहा तासांचे पैसे म्हणजे आठातले सहा, पाऊण पगार. पण पाजण्याच्या दोन सुट्ट्या आमच्याकडे पंधरा-पंधरा मिनिटांच्या धरतात, आणि त्या पगारी असतात. बाळ फुलेवाडीला आणि मी शिरगावला, मग त्या सुट्ट्यांचा उपयोग काय? म्हणून मी लिहिलं की हा अर्धा तास मी मधे घेणार नाही, सुटताना धरावा, आणि पगार साडेसहा तासांचा द्यावा. माझा महिन्याचा पगार 36,000. सहा तासांचे होतात 27,000, साडेसहाचे 29,250. महिन्याला सव्वादोन हजारांचा फरक.

साहेबांनी अर्ज वाचला आणि एवढंच विचारलं, "चारनंतर कास्टिंगचा ट्रक आला तर?" ट्रक स्टोअरवाले उतरवून घेतील आणि माल आल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, मी सकाळी करेन, हे अर्जातच होतं. त्यांनी सही केली. एचआरनंही सही केली. बस, इतकंच. अर्ज रुजू व्हायच्या महिना-दीड महिना आधी द्या, म्हणजे त्यांना नाही म्हणायला घाईचं कारण मिळत नाही.

पहिल्या महिन्याच्या स्लिपवर पूर्ण 36,000 आले. मी घरी म्हटलं, साहेब मोठ्या मनाचे निघाले! पण स्लिपच्या खाली रजेचा रकाना असतो, तो कुणी बघत नाही. माझ्या खात्यावर 15 हक्काच्या रजा होत्या, त्यातल्या दोन उरल्या होत्या.

झालं होतं असं. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये नियम बसवलेला असतो : चार तासांच्या आत गैरहजर, चार ते सात तासांच्या मधे हाफ-डे, सातच्या पुढे पूर्ण दिवस. मी रोज सहा तास भरत होते, म्हणून मशिन रोज हाफ-डे टाकत होतं, आणि उरलेला अर्धा दिवस रजेतून भरून घेत होतं. महिन्याचे कामाचे दिवस 26, म्हणून 13 रजा साफ. त्यातच बाळाला ताप आला तेव्हा मला जाणवलं की दोन दिवसांच्या वर आपल्याकडे काहीच नाही.

एचआरकडे गेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, पगार तर पूर्ण आलाय की, मग तक्रार काय?" मी रजा दाखवल्या. "ते ऑटोमॅटिक आहे, सिस्टीम घेत नाही सहा तासाला फुल डे. तुम्ही रोज रेग्युलरायझेशन टाका." रेग्युलरायझेशन म्हणजे पंच चुकला तर साहेबांकडून हजेरी दुरुस्त करून घ्यायची. ते महिन्यातून तीनदाच टाकता येतं, चौथ्यांदा स्क्रीनच नकार देते. हे त्यांनाही माहीत होतं. मग म्हणाले, पुण्याच्या पगारवाल्या एजन्सीला मेल करतो. एजन्सीचं उत्तर आलं की महिन्याच्या 25 तारखेनंतर आलेला बदल पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात विचारलं तर म्हणे मेलमध्ये शिफ्ट कोड नाही. शिफ्ट कोड कुणी द्यायचा? एचआरनं. एचआर म्हणतं, सिस्टीम घेत नाही. असा गोल.

दुसऱ्या महिन्याची स्लिप आली तेव्हा उरलेल्या दोन रजाही गेल्या होत्या आणि 22 दिवसांचे हाफ-डे थेट पगारातून कापले होते. हातात 20,770. ठरलं होतं 29,250.

तेव्हा मी चिडले, आणि चिडून एचआरकडे न जाता टाइम ऑफिसला गेले. जिच्या कारखान्यात टाइम ऑफिस असेल तिनं पहिल्यांदा तिकडेच जावं, साहेबांकडे नंतर. आमच्या टाइम ऑफिसमधले काका तीस वर्षं तिथंच आहेत. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "सिस्टीमला कशाला बोल लावतासा ताई? फर्नेसवाल्यांची शिफ्ट वेगळी हाय की नाही?" आमच्या फर्नेस तेव्हा रात्री चालायच्या, कारण तेव्हा रात्री वीज स्वस्त पडायची, आणि त्या माणसांच्या वेळा जनरलपेक्षा वेगळ्या. त्यांच्यासाठी शिफ्ट मास्टरमध्ये वेगळी शिफ्ट बनवलेलीच होती. काकांनी तो स्क्रीन उघडून दाखवला : शिफ्टचं नाव, सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ, हाफ-डेला किमान तास, पूर्ण दिवसाला किमान तास. पाच रकाने. "ह्यात दहा आणि साडेचार घाला, पूर्ण दिवसाला पावणेसहा घाला. एचआरचा मेल आला की मी करतो, मला पासवर्ड दिलाय पण हुकूम नाही दिला."

पावणेसहा अशासाठी की पंचला पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे होतात. बरोबर सहा घातलं असतं तर 10:02 ला आलेल्या दिवशी परत हाफ-डे पडला असता.

मग मी एचआरच्या साहेबांना तोंडी काही बोलले नाही. मेल केला, आमच्या साहेबांना कॉपी ठेवली, मंजूर अर्ज जोडला, आणि काकांनी दाखवलेले पाचही रकाने जसेच्या तसे भरून लिहिले. 'कृपया लक्ष घालावे' असं लिहिलं असतं तर लक्ष घातलं गेलं असतं आणि शिफ्ट तशीच राहिली असती. शिफ्ट दुसऱ्या दिवशी तयार झाली. पगारातली तासांची कपात मात्र शिफ्टमध्ये नाही, स्लिपवर स्वतंत्र ओळ म्हणून घ्यायला लावली.

ही स्वतंत्र ओळ फार महत्त्वाची, हे आधी सांगायला हवं होतं. एचआरनं सुरुवातीला मला कमी केलेल्या पगाराचं नवं पत्र द्यायची तयारी केली होती. बेसिकच कमी झाला की पीएफ त्यावर, पुढची वाढ त्यावर, आणि त्या काळात नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटीही शेवटच्या पगारावर. म्हणून पत्रात दोन वाक्यं हवीतच : बेसिक बदललेला नाही, आणि अमुक तारखेपासून पूर्ण वेळ व पूर्ण पगार आपोआप सुरू. तारीख नसेल तर पूर्ण पगारासाठी परत अर्ज करत बसायला लागतं.

आता मागच्या हिशेबाचं. दोन महिन्यांचे मिळून 58,500 यायला हवे होते, आले 56,770. फरक 1,730 रुपये. एचआरचे साहेब हसले, "अहो मॅडम, सतराशे रुपयांसाठी एवढं?" मी म्हटलं, सतराशे नव्हे साहेब, माझ्या 15 रजाही हव्यात, त्यांची किंमत वीस हजारांच्या वर जाते. पहिल्या महिन्यात जास्त आलेले 6,750 कापून घ्या, दुसऱ्या महिन्यात कमी आलेले 8,480 द्या, रजा परत खात्यावर टाका. कागदावर मांडून दिल्यावर त्यांचं हसणं थांबलं. जिच्या खात्यावर रजा भरपूर असतील तिला तर कित्येक महिने काहीच कळायचं नाही. पहिल्या महिन्यालाच रजेचा रकाना बघा.

तिसऱ्या महिन्याच्या सात तासांसाठी तीच शिफ्ट नुसत्या वेळा बदलून चालली. चौथ्या महिन्यात मी पूर्ण वेळ झाले, पण बाळ 15 महिन्यांचं व्हायचं होतं, म्हणून अर्धा तास लवकर, पाचला, सुटत राहिले. पूर्ण वेळ झाली की ही सुट्टी संपली असं बऱ्याच जणी समजतात, आणि त्यांचा समज दुरुस्त करायला कुणी येत नाही.

फरकाचे पैसे पुढच्या स्लिपमध्ये आले. रजा 15 ऐवजी साडेचौदाच परत आल्या. अर्ध्या रजेचा मेल पुण्याला गेलाय म्हणतात.